दोन धागे, दोन पाणी

सुताला सोडा सोसतो; रेशमाला आणि लोकरीला सोसत नाही. धुणं धुणाऱ्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परटाच्या भट्टीत धोतरं, पंचे, चादरी सोड्याच्या पाण्यात बुचकळून वाफेवर शिजत, मग दगडावर आपटल्या जात आणि उन्हात वाळून शुभ्र होऊन घरी येत. त्याच घरातला रेशमी कद किंवा सोवळ्यातली धाबळी मात्र भट्टीची वाट कधी चालत नसे. रेशीम आणि लोकर सहजासहजी विटाळत नाहीत, असं सोवळ्याच्या रीतीत मानलेलं होतं, त्यामुळे ती रोज धुवावी लागत नसत. त्या समजुतीत शास्त्र शोधण्याचा माझा हट्ट नाही. पण तिच्यामुळे एक झालं: आजेसासूचा कद नातसुनेच्या ट्रंकेत अजून शाबूत राहिला, आणि त्याच्याबरोबरची सुती लुगडी कधीच गोधड्यांत शिवली गेली.

माझं कुतूहल त्या पाण्याविषयी आहे. दोन्ही धागे पाणी पितात, दोन्ही रंग घेतात, दोन्ही अंगाला ऊब देतात. तरी जे पाणी एकाला उजळवतं तेच दुसऱ्याला आतून उसवतं. याचं उत्तर धाग्याच्या जाडीत नाही, पिळात नाही, किमतीत तर मुळीच नाही. ते त्याच्या आतल्या सांध्यांत आहे.

कापूस ही बियांवर उगवलेली लव. बोंड फुटायच्या आधी प्रत्येक तंतू ही एक जिवंत, लांबट पेशी असते आणि ती दिवसामागून दिवस आपल्या भिंतीला आतून थर चढवत जाते. ही भिंत सेल्युलोजची. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कण्या एकापुढे एक जोडलेल्या. कणी आणि कणी यांच्यामध्ये ऑक्सिजनचा एकच अणू असतो, आणि साऱ्या वस्त्राची मदार त्या अणूवर असते. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळला की पाणी अल्कलीयुक्त होतं, म्हणजे त्यात ऋणभारित कणांची गर्दी होते. हे कण धनाकडे झुकलेली जागा शोधत फिरतात. सेल्युलोजच्या सांध्यापाशी त्यांना शिरकाव करण्यासारखं काही सापडत नाही. साखळीच्या एका टोकाकडून ते एकेक कणी सोडवू लागतात खरे, पण काही कण्यांनंतर तेही थांबतं, आणि हजारोंच्या साखळीला तेवढं जाणवत नाही.

म्हणून तर गिरणीत कोऱ्या कापडाला जी पहिली अंघोळ घालतात ती आपल्या बादलीतल्या सोड्याहून कितीतरी कडक असते. दोन ते चार टक्के कॉस्टिक सोडा, उकळतं पाणी आणि तास न् तास. कापसाच्या तंतूवर जन्मापासून मेणाचा पातळ थर असतो, तो या उकळीत सुटतो. तो सुटला की नाही हे बघायची रीत मला फार आवडते: कापडावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर मेण अजून आहे, टेकताक्षणी आत जिरला तर कापड तयार. १८५० मध्ये इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या जॉन मर्सर यांनी याच्याही पुढची प्रक्रिया पेटंट केली. त्यांनी सुती कापडाला कॉस्टिक सोड्याच्या दाट द्रावात घातलं. कापड आटलं, पण तंतू फुगून गोल झाले, धागा अधिक बळकट झाला आणि रंग अधिक ओढू लागला. पुढे १८९० मध्ये होरेस लोव यांनी तेच ताणून धरून केलं, तेव्हा त्यावर चमक आली. आज दुकानात ‘मर्सराइज्ड’ लिहिलेली दोऱ्याची गुंडी आपण घेतो ती या कडक अंघोळीतून आलेली असते.

इतकं सोसणाऱ्या धाग्याचीही एक हद्द आहे. गरम अल्कलीत हवा मिसळली की सेल्युलोज जळल्यासारखं होतं. म्हणून गिरणीतल्या बंद कढईतून आधी हवा काढून टाकतात. चुकून राहिली तर कापड बाहेर येताना देखणंच दिसतं; ते पुढे कधीतरी, घडीवर, विनाकारण फाटतं. घरी याची भीती नाही, पण सोडा नीट खळबळून निघाला नाही तर इस्त्रीखाली पिवळट डाग उमटतो. तेव्हा दोष सोड्याचा नसतो, कमी पाण्याचा असतो.

आता लोकर. लोकर म्हणजे केस, आणि केस म्हणजे प्रथिन. प्रथिनाच्या साखळ्यांना दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, काही आम्लाच्या स्वभावाच्या, काही अल्कलीच्या. एकीवर ऋणभार येतो, दुसरीवर धनभार, आणि शेजारशेजारच्या दोन साखळ्या या विरुद्ध भारांनी एकमेकींना ओढून धरतात. लोकरीच्या तंतूचं चित्र मी शिडीसारखं पाहते: उभ्या दोऱ्या प्रथिनाच्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या. विद्युतभाराच्या पायऱ्या या पहिल्या प्रकारच्या. दुसऱ्या प्रकारच्या पायऱ्या गंधकाच्या असतात, गंधकाचे दोन अणू एकमेकांना जखडून दोन दोऱ्या बांधतात. केस जळाल्यावर जो वास येतो त्यात हे गंधकही असतं.

पाण्याचा आंबटपणा आणि खारेपणा पीएच नावाच्या मापाने मोजतात. मध्यावर ७, त्याखाली आंबट, त्यावर खारं. प्रत्येक घर दहापटीचं. व्हिनेगर ३ च्या आसपास, साबणाचं पाणी ९ ते १०, धुण्याच्या सोड्याचं ११ च्या वर. लोकरीला सर्वांत स्वस्थ वाटतं ते ४.९ च्या जवळ. तिथे तिच्या अंगावरचे धन आणि ऋण भार सारखे होतात, विद्युतभाराच्या पायऱ्या जास्तीत जास्त जागेवर असतात आणि तंतू पाणी पिऊनही कमीत कमी फुगतो. म्हणजे आपण ज्याला निखळ, ना आंबट ना खारं पाणी म्हणतो तेदेखील लोकरीच्या दृष्टीने जरा खाऱ्याकडचंच. सौम्य आंबट पाणी हा तिच्यासाठी औषधोपचार नव्हे. ती तिची घरची हवा आहे.

सोड्याच्या पाण्यात यातलं एकेक सुटत जातं. आधी धनभार मावळतो, उरतो नुसता ऋणभार. सगळ्या साखळ्या सारख्याच भाराच्या झाल्या की एकमेकींना दूर लोटतात. तंतू फुगतो, त्याच्या अंगावरचे खवले उभे राहतात आणि चोळलं की एकात एक अडकून वस्त्र आटतं, घट्ट नमद्यासारखं होतं. पाणी गरम असेल तर गंधकाच्या पायऱ्याही ढळतात. १९४१ मध्ये हॉर्न, जोन्स आणि रिंगेल या अमेरिकी संशोधकांनी लोकरीवर नेमकी धुण्याच्या सोड्याचीच, म्हणजे सोडियम कार्बोनेटची प्रक्रिया केली आणि तिच्यातून आधी कुणी वेगळं न केलेलं एक अमिनो आम्ल काढलं, लॅन्थिओनिन. दोन गंधक-अणूंच्या जागी त्यात एकच उरलेला होता. पायरी होती, पण ती मूळची नव्हती, आणि तिला मूळची लवचीक उकल साधत नव्हती. सोड्यात पडलेली शाल हाताला खरखरीत लागते, पिवळसर दिसते, ओली असताना तिला उग्र वास येतो, ते याच बदलांमुळे. त्यापुढे, अल्कली आणखी कडक झाली तर खुद्द उभ्या दोऱ्याच तुटतात. कापडाच्या प्रयोगशाळेतली एक जुनी परीक्षा यावरच आहे: लोकर-सुताची मिश्र चिंधी पाच टक्के कॉस्टिक सोड्यात उकळायची. काही मिनिटांत लोकर विरघळून जाते आणि भांड्यात उरतं ते सूत.

सांगोल्याच्या बाजूचे एक सणगर मला म्हणाले होते, “ताई, घोंगडं थंड वाहत्या पाण्यात धुवावं. सोड्यात टाकलंत तर त्याचा जीवच जातो.” चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं, पावसात धनगराच्या डोक्यावरून खाली उतरणारं ते काळं घोंगडं त्यांच्या हातात होतं. लॅन्थिओनिनचं नाव त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. पण जीव कशात असतो हे त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

रेशमाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि इथे घाईने नियम ठोकला तर चुकतो. रेशीमही प्रथिनच, पण त्यात गंधक जवळजवळ नाही. फायब्रोइन या त्याच्या प्रथिनात अगदी लहान अमिनो आम्लं पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींना चिकटून, दाटीवाटीने, चापून बसतात. अल्कलीला आत शिरायला वाट अरुंद. म्हणून रेशीम लोकरीहून जरा अधिक सोसतं. किंबहुना अल्कलीतूनच ते रेशीम होतं. कोशातून निघालेला कच्चा धागा सेरिसिन नावाच्या डिंकाने माखलेला, राठ आणि निस्तेज असतो; तो साबणाच्या किंवा थोड्या सोड्याच्या पाण्यात जवळजवळ उकळीला ठेवतात, डिंक विरघळतो आणि धाग्याचं वजन साधारण पावपट कमी होतं. आत दडलेली झळाळी तेव्हा बाहेर येते. डिंकाच्या प्रथिनाची बांधणी सैल, म्हणून ते आधी जातं. फायब्रोइनची घट्ट, म्हणून ते राहतं. पण फरक तेवढाच आहे, कमी-जास्त वेळेचा. पाणी अधिक कडक झालं किंवा धागा अधिक काळ राहिला की फायब्रोइनवरही हात पडतो. अंगावर बारीक तुसं सुटतात, प्रकाश एकसारखा परतत नाही, आणि रेशीम मलूल दिसू लागतं. एकदा डिंक गेलेल्या साडीला घरी पुन्हा सोड्यात घालणं म्हणजे, काढण्यासारखं काहीच उरलेलं नसताना काढत राहणं.

डिंक काढल्यावर कारागीर रेशमाला ॲसिटिक किंवा टार्टारिक आम्लाच्या अगदी फिक्या पाण्यातून काढतात. भरजरी साडी नेसून बाई खोलीत येते तेव्हा जी सळसळ आधी येते, ती तंतू तंतूवर घासल्याचा आवाज असतो, आणि तो या आंबट पाण्याने उठून येतो. साबणाने तंतू निसरडे होतात, तेव्हा रेशीम मुकं होतं. शेवटच्या पाण्यात थोडा आंबटपणा पडला की त्याला आवाज परत मिळतो. रंगाचंही तसंच. रेशमावरचे पुष्कळ रंग ऋणभारित असतात आणि प्रथिनाच्या धनभाराला धरून बसतात. खाऱ्या पाण्यात तो धनभार मावळला की रंगाचा आधार जातो आणि बादलीत गुलाबी, जांभळी रेघ फिरू लागते. ती रेघ दिसली की मी पाणी बदलते.

एवढं वाचून सूत सोशीक आणि लोकर नाजूक असं कुणाला वाटेल. मला तसं म्हणवत नाही, कारण मला लोकरीच्या गिरणीतली दुसरी एक प्रक्रिया माहीत आहे. माळावर चरणाऱ्या मेंढीच्या अंगात गोखरू, कुसळं, काड्या अडकतात. हाताने वेचून त्या कधीच संपत नाहीत. तेव्हा लोकर पाच-सहा टक्के गंधकाम्लात भिजवतात, पिळतात, वाळवतात आणि शंभर अंशांच्या वर तापवतात. पाणी उडून जातं, आम्ल तीव्र होतं, आणि ते काड्यांतल्या सेल्युलोजवर तुटून पडतं. अल्कलीला ज्या ऑक्सिजनच्या सांध्यात धरायला काही सापडलं नव्हतं, नेमका तोच सांधा आम्लाला हवा असतो: आम्लातला धनभारित कण तिथे जाऊन बसतो, सांधा ढिला होतो आणि साखळी मधोमध तुटते. काड्या काळ्या, ठिसूळ होतात, रुळांखाली त्यांचा भुगा होतो आणि तो झटकून टाकतात. लोकर मागे उरते, जवळजवळ जशीच्या तशी. मग तिच्यातलं उरलेलं आम्ल मारायला तिला फिक्या सोड्यातून काढतात, थंड आणि थोडा वेळ. भट्टीत लोकर गेली असती आणि सूत उरलं असतं. इथे सूत गेलं आणि लोकर उरली.

घरच्या बादलीपाशी या साऱ्याचा अर्थ काय होतो, तो साध्या, बिनजरीच्या रेशमी साडीवर पाहते. (जर असेल तर मी घरी धुतच नाही, जरीच्या धातूला आंबटपणा मानवत नाही, आणि पैठणी जाणत्या हातात द्यावी.) रात्री पाच-सहा रिठ्यांची टरफलं तांब्याभर गरम पाण्यात भिजत घालते, सकाळी कुस्करून गाळते. रिठ्याचा फेस साबणासारखा दिसला तरी तो साबण नव्हे; त्याचं पाणी खारं नसतं, किंचित आंबटच असतं. ते अर्ध्या बादली कोमट पाण्यात मिसळते, साडी त्यात बुचकळते, चोळत नाही, पिळत नाही. मग तेवढ्याच कोमट साध्या पाण्यातून दोनदा काढते. आणि शेवटी आंबट पाणी.

इथे आपण कुठे राहतो हे बघावं लागतं. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ. आठ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर साधं पांढरं व्हिनेगर घातलं की पीएच ४ ते ४.५ पर्यंत उतरतो, आणि काम होतं. तेच दोन चमचे देशावरच्या एखाद्या बोअरच्या पाण्यात घातले तर जवळजवळ काहीच होत नाही. त्या पाण्यात बायकार्बोनेटचा खार आधीच मुरलेला असतो. आम्ल आलं की तो त्याला गिळून टाकतो, आणि आपण समाधानाने साडी बुडवतो ते पाणी प्रत्यक्षात आंबट नसतंच. अशा पाण्याला आठ लिटरमागे शंभर मिलिलिटरच्या आसपास व्हिनेगर लागतं, तेव्हा कुठे ते ५ च्या खाली येतं. गावागणिक बोअर वेगळी, म्हणून औषधाच्या किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी पीएचची पट्टी बुडवून बघणं खरं. ४ आणि ५ च्या मधला रंग आला की थांबते. साडी पाच मिनिटं त्यात ठेवते, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत पसरते. व्हिनेगर नंतर धुवावं लागत नाही; त्याचं आम्ल वाळताना हवेत उडून जातं.

रिठ्याऐवजी साबण वापरला असेल तर मात्र आंबट पाण्याआधी तो पुरता निघालेला हवा. साबण म्हणजे स्निग्ध आम्लाचं क्षाराशी झालेलं लग्न. व्हिनेगर ते मोडतं, स्निग्ध आम्ल मोकळं होतं आणि कापडावर पांढुरका, चिकट मेणासारखा थर धरतो. पाण्यावर गढूळ दह्यासारखी तवंगाची रेघ दिसली, तर समजावं की खळबळणं कमी पडलं आहे, आणि पुन्हा साध्या पाण्याकडे जावं.

सगळ्यात विचार करायला लावते ती महेश्वरी. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरातल्या मागांवर विणली जाणारी ही साडी आज बहुधा उभ्या धाग्याची रेशमी आणि आडव्या धाग्याची सुती असते. दोन स्वभाव इंचाइंचाला एकमेकांना छेदून जातात. ती कुणाच्या पाण्यात धुवायची? सोडा घातला तर सूत खुशाल राहील आणि रेशीम झिजेल. उभे धागे दुबळे झाले की साडी आडवी उसवते. उलट लिंबाच्या रसाचा थेंब तिच्यावर वाळू दिला आणि वरून कडक इस्त्री फिरवली, तर तोटा सुताचा. लिंबातलं आम्ल व्हिनेगरसारखं उडून जात नाही, पाणी गेल्यावर ते तिथेच तीव्र होत राहतं आणि गोखरूचं जे गिरणीत झालं तेच छोट्या प्रमाणावर आडव्या धाग्याचं होतं. मग साडी उभी फाटते. जुन्या महेश्वरीची चीर कोणत्या दिशेने गेली आहे ते बघून तिला कोणत्या पाण्याने मारलं याचा अंदाज बांधता येतो. म्हणून तिच्यासाठी मी रेशमाचं पाणी निवडते: रिठा, दोन साधी पाणी आणि शेवटी मोजून घातलेलं व्हिनेगर. त्या फिक्या, उडून जाणाऱ्या आंबटपणाने सुताचं काही बिघडत नाही, आणि रेशमाला त्याचं हवं ते मिळतं. किंचित ओली असतानाच उलट्या बाजूने, रेशमाच्या आकड्यावर इस्त्री.